गुरुवारचे १४० नग

शनिवारची दुपार, साडेचार वाजलेत. सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या कडेच्या एका शेडमध्ये शिलाई मशीन एकेक करून थांबतायत. शाळेच्या गणवेशांचा हंगाम तोंडावर आहे, त्यामुळे पांढऱ्या शर्टांचे गठ्ठे भिंतीला छातीइतके उंच लागलेत. कोपऱ्यातल्या टेबलावर दिवाणजी वही, कॅलक्युलेटर आणि पगाराची पाकिटं मांडून बसलेत. आज आठवड्याचा हिशोब आहे. बायका ओळीनं उभ्या राहतात, सही करतात, पाकिटातल्या नोटा मोजून बाजूला होतात.

कॉलर जोडणाऱ्या आक्कांचा नंबर येतो तेव्हा ओळ अडते.

"तीन हजार एकशे ऐंशी," दिवाणजी सांगतात.

आक्का सही करत नाहीत. पिशवीतून घडी घातलेला कागद काढून टेबलावर पसरतात. त्यावर खळीनं चिकटवलेली कूपनं आहेत. दहा शर्टांचं एक बंडल असतं आणि प्रत्येक बंडलला कटिंगमधून एक चिठ्ठी बांधून येते. तिच्यावर कापणीचा नंबर, साइज आणि प्रत्येक कामाचं एक छोटं कूपन छापलेलं असतं. खांदा जोडणारी आपलं कूपन फाडून घेते, कॉलरवाली आपलं, बाहीवाली आपलं. कॉलरचा दर नगाला दोन रुपये आहे, म्हणजे आक्कांचं एक कूपन वीस रुपयांचं. त्यांनी प्रत्येक दिवसाची कूपनं वेगळ्या ओळीत लावलीत.

मी टेबलाच्या बाजूला उभी आहे, मला ओळी सरळ वाचता येतात. सोमवारी ३२ कूपनं, मंगळवारी ३३, बुधवारी १९, गुरुवारी १४, शुक्रवारी ३० आणि शनिवारी ३१. एकूण १५९ कूपनं, म्हणजे १५९० नग. दोन रुपयांनी गुणलं की ३१८० होतात. दिवाणजींची बेरीज चोख आहे.

"बेरीज बरोबर आहे की," आक्का म्हणतात. "पण हमी कुठं आहे?"

त्या भिंतीकडं बोट दाखवतात. दरांच्या यादीखाली एक टाइप केलेला कागद चिकटवलाय. पीसवर काम करणाऱ्या कारागिराचं काम कोणत्याही दिवशी कमी झालं, तरी आठ तासांच्या हजेरीला रोज किमान ५२० रुपये मिळतील, असं त्यावर लिहिलंय. नगाला दोन रुपये दर असेल तर ही रेषा २६० नगांवर येते. त्यापुढं गेलं की हमीचा प्रश्नच उरत नाही, जेवढे नग तेवढे पैसे. त्याखाली राहिलं की उरलेली रक्कम मालकानं भरायची.

दिवाणजी समजुतीच्या सुरात बोलतात. "आक्का, सहा दिवसांची हमी किती झाली? पाचशे वीस सक तीन हजार एकशे वीस. तुमचे झाले तीन हजार एकशे ऐंशी. हमीपेक्षा साठ रुपये जास्तच आहेत. मग भर कशाची घालायची?"

ओळीतल्या दोघीतिघी माना डोलावतात. ऐकायला हे पटण्यासारखंच आहे, आणि सगळी मेख इथंच आहे.

आक्का प्रत्येक दिवस वेगळा मोजतात. बुधवारी १९० नगांचे ३८० रुपये होतात, हमीला १४० कमी. गुरुवारी १४० नगांचे २८०, हमीला २४० कमी. दोन्ही मिळून ३८० रुपये. दिवसाला दिवस मोजला तर त्यांचा पगार ३५६० निघतो. आठवडा एकत्र मोजला तर ३१८०.

हे ३८० रुपये गेले कुठं? सोमवारी आक्कांनी ६४० रुपयांचं काम केलं, मंगळवारी ६६० चं. जेवणाची सुट्टी आवरती घेऊन, मान वर न करता काढलेले ते नग आहेत. आठवड्याची सरासरी धरली की या जादा कमाईनं गुरुवारचा खड्डा बुजतो. हमी मालकाची, पण ती भरते कारागिरीणच, स्वतःच्याच सोमवार-मंगळवारातून. जी बाई चांगल्या दिवशी जास्त वेगानं शिवते, तिला हमी कधीच लागू होत नाही. भिंतीवरच्या कागदात 'कोणत्याही दिवशी' हे शब्द आहेत म्हणून आक्का आज बोलू शकतात. तिथं नुसतं 'आठवड्याला' असतं, तर हे भांडण उभंच राहिलं नसतं.

"पण काम कमी झालं ते झालंच ना?" दिवाणजी विचारतात.

"कशानं झालं ते विचारा की."

गुरुवारी सकाळी खांदा जोडणाऱ्या दोन मशीनांपैकी एक बंद पडलं होतं. शर्टाचे खांदे जोडल्याशिवाय गळा तयार होत नाही, आणि गळा नसेल तर कॉलर लावायची कशाला? मेकॅनिक आला दुपारी एकच्या सुमारास. तोवर आक्कांच्या पुढ्यात अधूनमधून एखादं बंडल येत राहिलं. मधल्या वेळात सुपरवायझरनं त्यांना तयार शर्टांचे धागे तोडायला बसवलं. त्या कामाचं कूपन नसतं. म्हणजे आक्का कामावर होत्या, काम करत होत्या आणि वहीत त्या वेळाची किंमत शून्य होती.

दिवाणजी जरा थांबतात आणि मधला मार्ग काढतात. "मग गुरुवार अर्धा दिवस धरू. तेवढा वेळ बसूनच होतात ना?"

हा मार्ग साधा वाटतो. पण अर्ध्या दिवसाची हमी २६० होते आणि आक्कांचे गुरुवारचे २८० झालेत. हजेरीत एक खूण बदलली की २४० रुपयांची भर नाहीशी! शिलाईच्या कारखान्यांमधून फिरताना ही खूण मी आणखीही ठिकाणी पाहिलीय. म्हणून कूपनांइतकीच हजेरीची वेळ जपावी लागते. आक्कांनी ती जपलीय. दारातल्या पंचिंग मशीनवर गुरुवारचं येणं नऊला आहे आणि जाणं साडेपाचला.

मागं उभ्या असलेल्या एक वयस्क मावशी पुढं सरकतात. त्यांच्या आधीच्या कारखान्यात मंगळवारची चार-सहा कूपनं वहीत गुरुवारवर चढवली जायची, असं त्या सांगतात. आठवड्याची बेरीज तीच राहायची, पण गुरुवारचा खड्डा लहान दिसायचा. ते ओळखायचं कसं, हेही त्या सांगतात. चौकड्याच्या कापडाची कापणी बुधवारी सुरू झाली असेल, तर चौकड्याचं कूपन मंगळवारच्या खात्यात येऊच शकत नाही. आणि आदल्या दिवशीच संपलेल्या कापणीचा नंबर पुढच्या दिवशी उगवला, तर तो तिथं कुणीतरी नेऊन ठेवलेला असतो. कागदावर रोजच्या रोज कूपन चिकटवायची आक्कांची सवय त्यासाठीच आहे.

आवाज ऐकून शेठ केबिनमधून बाहेर येतात. ते चिडलेले नाहीत. त्यांचा प्रश्न सरळ आहे. "हमी रोजची धरली, तर एखादी मुद्दाम सावकाश शिवेल. ते मी कसं ओळखू?"

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. पण उत्तर त्यांच्याच वहीत आहे. गुरुवारी आक्कांचे नग पडले, तसेच त्यांच्या पुढच्या बाहीवालीचे पडले, बाजू मारणारीचे पडले, काज-बटणवालीचेही पडले. एकटी बाई सुस्त असेल तर एकच आकडा खाली येतो. अख्खी ओळ एकाच दिवशी खाली आली, तर कारण ओळीच्या तोंडाशी असतं. १९४८ च्या किमान वेतन कायद्यातही हाच विचार होता. पीसवर काम करणाऱ्याला वेळेच्या दरानं ठरलेल्या किमान वेतनापेक्षा कमी देता येत नाही, हे त्यात होतं. आणि मालकानं काम न पुरवल्यामुळं दिवस अपुरा राहिला तरी पूर्ण दिवसाचं वेतन द्यायचं, कामगाराची स्वतःचीच काम करायची इच्छा नसेल तर गोष्ट वेगळी, हेही होतं. २०१९ च्या वेतन संहितेनं या दोन्ही गोष्टी कायम ठेवल्यात. महाराष्ट्रात किमान वेतनातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो, म्हणून भिंतीवरचा ५२० चा आकडाही वर्षातून दोनदा पडताळून पाहावाच लागणार.

शेठ वही उलटी करून गुरुवारचं पान बघतात. सगळ्या ओळीचे आकडे बोटानं वाचत खाली येतात. "बरं, गुरुवार मान्य. पण बुधवारी तर मशीन चालू होतं."

बुधवारचं कारण वेगळं आहे. त्या दिवशी दुसऱ्या शाळेचा चौकड्याचा माल आला. पांढऱ्या शर्टाला कॉलर लावताना रेषा जुळवावी लागत नाही. चौकड्याला कॉलरची दोन्ही टोकं एकाच रेषेवर यावी लागतात, नाहीतर शर्ट परत येतो आणि उधडून पुन्हा शिवण्याचे पैसे मिळत नाहीत. काम वाढलं, दर मात्र दोनच राहिला. आक्का म्हणतात, हात बसल्यावर त्या दिवसाला २३० नग काढतील, त्याहून जास्त नाही. दोन रुपयांनी त्याचे ४६० होतात. म्हणजे रोज मन लावून शिवूनही त्या रोज हमीच्या खाली राहणार.

बुधवार आणि गुरुवार यांतला फरक मला महत्त्वाचा वाटतो. मशीन बंद पडलं तर हमी कामाला येते. दरच चुकीचा असेल तर हमी पुरेशी नाही, कारण मग तिचा तळ हाच कायमचा पगार होऊन बसतो. कसबी बाईला शिकाऊ बाईइतकेच ५२० मिळत राहतात. एखाद्या कामावर दिवसामागून दिवस भर घालावी लागत असेल, तर त्या कामाचा दर पुन्हा ठरवायला हवा.

"चौकड्याला पावणेतीन द्या," आक्का मागतात. २३० नगांचे साडेसहाशेच्या आत-बाहेर होतील, पांढऱ्या मालाइतकेच. सोमवारपासून त्याच शाळेचा मोठा माल लागणार आहे, त्यामुळे हे शेठनाही टाळता येत नाही. ते अडीचवर येतात. २३० नगांचे ५७५ होतील, आणि हमीची रेषा २०८ नगांवर येईल. आक्का तेवढ्यावर थांबत नाहीत. चार दिवसांचे नग बघून दर पुन्हा बोलायचा, असं त्या कबूल करून घेतात. दिवाणजी दरांच्या यादीत नवी ओळ लिहितात.

मग आक्का शेवटची मागणी करतात, आणि मला ती सगळ्यांत शहाणपणाची वाटते. वहीत 'हमीची भर' असा वेगळा रकाना हवा आणि त्यापुढं कारण लिहिलेलं हवं. भर नुसती बेरजेत मिसळली, तर पुढच्या आठवड्यात तीच रक्कम उचल म्हणून कापली जाऊ शकते. वेगळी लिहिली की ती कमाई ठरते. शिवाय शेठनाही कळतं, की वेळेवर दुरुस्त न झालेल्या एका मशीनची किंमत ओळीतल्या सगळ्या बायकांची मिळून किती होते. मेकॅनिकला सकाळीच बोलावणं त्यापेक्षा स्वस्त पडेल.

दिवाणजी पट्टी ठेवून रकाना आखतात. बुधवार, नवा माल, १४०. गुरुवार, खांद्याचं मशीन बंद, २४०. एकूण ३५६०. आक्का सही करतात आणि नोटा मोजून घेतात.

पाकीट घेऊन बाजूला झालेली बाहीवाली परत ओळीत येते. तिच्यामागं बाजू मारणारी, तिच्यामागं काज-बटणवाली. "दिवाणजी," ती आपलं पाकीट टेबलावर ठेवत म्हणते, "आता माझा गुरुवार काढा."