शेपटाची गोष्ट रशियनमध्ये जाते तेव्हा...

'ॲलिस इन वंडरलँड' या पुस्तकात एक उंदीर आपली कहाणी सांगायला बसतो. कहाणी लांब आहे आणि दुःखी आहे, असं तो म्हणतो. ॲलिस त्याच्या शेपटाकडे बघते आणि म्हणते, लांब आहे हे खरं, पण दुःखी का बरं? इंग्रजीत गोष्टीला 'टेल' म्हणतात आणि शेपटालाही 'टेल'च. स्पेलिंग वेगळं, उच्चार एकच. उंदीर एक बोलतो, मुलगी दुसरंच ऐकते.

आता हे रशियनमध्ये न्यायचं आहे. रशियनमध्ये शेपटाला 'ख्वोस्त' म्हणतात आणि गोष्टीला 'इस्तोरिया' किंवा 'रस्काझ'. या शब्दांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. मग भाषांतरकाराने करायचं काय?

पहिला विचार मनात येतो तो तळटीपेचा. 'मूळ इंग्रजीत येथे श्लेष आहे' असं खाली लिहून टाकायचं आणि पुढे जायचं. अभ्यासकांच्या आवृत्तीत ते चालतं. पण पुस्तक आठ वर्षांच्या मुलाच्या हातात असेल, तर टीप वाचून त्याला एवढंच कळतं की इथे कुणीतरी हसलं होतं.

दुसरा विचार असा की हा विनोद सोडून द्यायचा आणि पुढे कुठेतरी दुसरा घालून हिशोब पूर्ण करायचा. ही पद्धत भाषांतरात सर्रास वापरली जाते आणि बऱ्याचदा योग्यही असते. पण इथे ती चालत नाही, कारण पुढच्याच पानावर उंदराची कहाणी कवितेच्या रूपात येते आणि ती कविता छापलेली असते शेपटाच्या आकारात. ओळी नागमोडी वळत खाली जातात आणि अक्षरं बारीक होत होत टोकाला संपतात. ॲलिसच्या डोक्यात शेपूट बसलेलं आहे, म्हणून तिला ती गोष्ट तशी 'दिसते'. आधीचा विनोद गाळला, तर पानावरचं हे शेपूट कुठून आलं ते वाचकाला कळणार नाही.

म्हणजे 'गोष्ट' आणि 'शेपूट' या दोन अर्थांचा एकच रशियन शब्द शोधत बसायची गरजच नाही. तसा शब्द नाही. गरज फक्त एवढीच की उंदराने गोष्टीबद्दल काहीही बोलावं आणि ॲलिसला त्यात शेपूट ऐकू यावं. प्रश्न असा मांडला की दारं उघडतात. किती, ते तीन रशियन भाषांतरं शेजारी ठेवली की दिसतं.

एकच शेपूट, तीन वाटा

व्लादिमिर नाबोकोव्ह तरुण असताना त्यांचं भाषांतर 1923 मध्ये बर्लिनमध्ये प्रसिद्ध झालं. त्यात ॲलिसची 'आन्या' झाली आहे. त्यांचा उंदीर आपली गोष्ट साधी असल्याचंही सांगतो. साधा म्हणजे 'प्रोस्त'. आन्याला 'प्रोस्त'ऐवजी 'ख्वोस्त' ऐकू येतं. यमक जुळणारे दोन शब्द आणि एक चुकलेला कान, एवढ्यावर काम भागतं. अडचण एकच आहे. दोन शब्द सारखे असले तरी एक नाहीत, त्यामुळे तिला काय ऐकू आलं हे लेखकाला स्वतः सांगावं लागतं. विनोद समजावून दिला की त्याची थोडी हवा जातेच.

बोरिस झाखोदेर यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ॲलिस रशियन मुलांसाठी आणली. त्यांनी आपल्या कामाला भाषांतर न म्हणता पुनर्कथन म्हटलं, त्यामुळे त्यांना हात मोकळे होते. त्यांनी रशियनमधला एक रोजचा वाक्प्रचार उचलला. आपण 'हजार आणि वर थोडी' म्हणतो, तसं रशियन माणूस 'स ख्वोस्तिकम' म्हणतो, म्हणजे शब्दशः 'छोट्या शेपटासकट'. उंदराची गोष्ट हजार वर्षं आणि वर थोडी जुनी आहे. ॲलिसला त्यातलं शेपूट तेवढं ऐकू येतं. इथे काही समजावून सांगावं लागत नाही, कारण हा वाक्प्रचार प्रत्येक रशियन मुलाने घरात ऐकलेला असतो.

तिसरं भाषांतर नीना देमुरोवा यांचं. ते आधी 1967 मध्ये सोफियात आणि नंतर सुधारून 1978 मध्ये मॉस्कोत अभ्यासकांसाठीच्या मालिकेत निघालं. माझ्या मते या तिघांत सर्वांत चपखल उत्तर त्यांचं आहे. त्यांचा उंदीर गोष्ट सुरू करतो, थोडा थांबतो आणि अचानक किंचाळतो, 'प्रख्वोस्त!' याचा अर्थ 'हरामखोर', 'लबाड माणूस'. रशियनमध्ये 'प्रो' हे शब्दयोगी अव्यय 'च्याबद्दल' या अर्थाने येतं. म्हणून 'प्रो ख्वोस्त' म्हणजे 'शेपटाबद्दल'. आघात नसलेला 'ओ' रशियन माणूस 'अ'सारखा उच्चारतो, त्यामुळे बोलताना तेही 'प्रख्वोस्त'च होतं. उंदराने शिवी दिली आणि ॲलिसने विषय ऐकला. शिवीही उपरी नाही, कारण कहाणीत उंदराला कोर्टात खेचू पाहणारा एक शत्रू आहेच.

विभक्तीने घात केला असता

देमुरोवांच्या श्लेषात एक बारीक गंमत आहे आणि रशियनमध्ये शब्दखेळ का फसतात तेही त्यातून कळतं. रशियनमध्ये नामाला विभक्तीचे प्रत्यय लागतात आणि शब्दाचं शेपूटच बदलतं. मराठी माणसाला हे नवीन नाही. 'घोडा' आणि 'घोड्याला' यात मूळ शब्दाचा चेहरा बदलतोच. त्यामुळे शब्दकोशात दोन शब्द सारखे दिसले म्हणून वाक्यात ते सारखे राहतीलच असं नाही.

'च्याबद्दल' या अर्थाने रशियनमध्ये 'ओ' हे दुसरं अव्ययही आहे. ते वापरलं असतं तर 'ओ ख्वोस्त्ये' झालं असतं. मागे 'ये' लागला की शिवीशी साम्य संपलं. 'प्रो' मात्र द्वितीया मागतो आणि निर्जीव पुल्लिंगी नामाचं द्वितीयेतलं रूप प्रथमेसारखंच राहतं. म्हणून 'ख्वोस्त' तसाच उरला आणि विनोद वाचला.

आघाताचंही तसंच. 'किल्ला' आणि 'कुलूप' या अर्थांचे रशियन शब्द लिहिताना हुबेहूब सारखे आहेत. पण किल्ल्याचा आघात पहिल्या अक्षरावर, तर कुलपाचा दुसऱ्यावर. पुस्तकात यावर कोटी करता येईल. नाटकात तोंड उघडताच ती मरेल.

आता एक मराठी कोटी

आता आपल्याकडचं उदाहरण घेऊ. समजा, एका मराठी चित्रपटातलं लग्न आहे. दोन मजली कार्यालय, बँडचा गोंगाट, मुहूर्ताला दहा मिनिटं. गुरुजी विचारतात, 'वर कुठे आहे?' काका बोट उंच करून म्हणतात, 'वर.' गुरुजी वैतागतात, 'अहो, वरच! पण कुठे?' काका पुन्हा, 'वरच!' पुढच्या दृश्यात नवरदेव गच्चीवर फोनवर बोलताना सापडतो.

रशियनमध्ये नवरदेव म्हणजे 'झेनीख' आणि वरच्या बाजूला म्हणजे 'नव्यर्खू'. जुळणी शून्य.

लग्न म्हटल्यावर रशियन भाषांतरकाराच्या तोंडी लगेच एक कोटी येईल. 'ब्राक' म्हणजे लग्न आणि 'ब्राक' म्हणजेच कारखान्यातला सदोष माल. ही इतकी जुनी कोटी आहे की रशियन लोक ती ऐकून हसायचंही विसरलेत. तिथल्या लग्नात पाहुणे 'गोर्का!' म्हणजे 'कडू!' असं ओरडतात आणि जोडप्याने चुंबन घ्यायचं असतं. त्यावरही विनोद होईल. पण दोन्ही इथे निरुपयोगी आहेत. 'ब्राक'मुळे काका खवचट ठरतात, मूळ प्रसंगात ते तसे नाहीत. 'गोर्का' घातलं तर मंगलाष्टकांच्या मांडवात रशियन वऱ्हाड येऊन बसेल. आणि मुख्य म्हणजे दोन्हींमुळे गच्चीकडे कुणी बघत नाही.

उंदराच्या वेळी विचारला तोच प्रश्न इथे विचारू. या 'वर'ने काम काय केलं? दोघे आपापल्या जागी बरोबर असूनही एकमेकांना समजत नाहीत. वेळ निघून चालली आहे. आणि प्रेक्षकाची नजर वर जाते. एवढं रशियनमध्ये जमलं पाहिजे.

रशियनमध्ये खूप आनंदात असलेल्या माणसाला 'सातव्या आकाशात' म्हणतात, 'ना सिद्मोम न्येब्ये'. आणि बोलताना 'ना सिद्मोम' एवढंच म्हटलं, म्हणजे 'सातव्यावर', की ऐकणारा 'सातव्या मजल्यावर' असं समजतो. मग संवाद असा बेतता येईल. गुरुजी विचारतात नवरदेव कुठे. काका बोट उंचावून कौतुकाने म्हणतात, सातव्या आकाशात! बँडमुळे गुरुजींना अर्धंच ऐकू येतं. ते ओरडतात, 'सातव्यावर कसा? इथे दोनच मजले आहेत!' काका पुन्हा बोट वर करतात. पुढचं दृश्य गच्चीवरचं.

काय टिकलं? गैरसमज, घाई, उंचावलेलं बोट आणि गच्ची. काय गेलं? मूळचे काका सरळ ठिकाण सांगत होते, रशियन काका मूड सांगतात, म्हणजे ते जरा जास्त रसिक झाले. एकाच शब्दाचा चेंडू इकडून तिकडे जाण्याची गंमतही गेली. शिवाय रशियन प्रेक्षकाला मुहूर्त म्हणजे काय ते माहीत नसतं. म्हणून आधीच्या एखाद्या संवादात 'वेळ टळली तर लग्न लागायचं नाही' अशा अर्थाचे शब्द गुरुजींच्या तोंडी घालावे लागतील, नाहीतर ते नुसतेच चिडके वाटतील.

हे जमलंय की नाही ते तपासायला मूळ संवाद झाकून ठेवायचा आणि फक्त रशियन संवाद मोठ्याने वाचायचा. उत्तर आधीच्या वाक्यातून आपोआप निघत असेल तर ठीक. पात्रं हसतायत आणि आपल्याला कारण शोधावं लागतंय, तर श्लेष वाटेतच सांडला आहे.

एक अडचण उरतेच. मराठीत 'वर' म्हणायला ओठ एकदाच उघडतात आणि 'ना सिद्मोम न्येब्ये' ही पाच अक्षरं आहेत. रशियात बऱ्याचदा मूळ आवाज हळू करून त्यावर भाषांतर वाचलं जातं, तिथे हे खपून जाईल. ओठ जुळवून डबिंग करायचं असेल, तर काका पाठमोरे असलेला किंवा पडद्यावर फक्त त्यांचं बोट दिसणारा शॉट मिळतो का, ते पाहावं लागेल. तो नसेल तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.