कोलारची खोली आणि कागदावरची किंमत

कर्नाटकातील कोलारच्या सोनखाणी 28 फेब्रुवारी 2001 रोजी बंद झाल्या, तेव्हा भूगर्भात सोने उरले नव्हते असे नाही. चॅम्पियन रीफचे काम तीन किलोमीटरहून खोल गेले होते. प्रत्येक थर खाली उतरताना उष्णता वाढे, हवा खेळवण्याचा व पाणी उपसण्याचा खर्च वाढे, आणि वर येणाऱ्या दगडातील सोने मात्र विरळ होत जाई. त्या वर्षी सोन्याचा जागतिक भाव औंसाला 300 डॉलरांच्या खाली होता. दहा वर्षांनी तो 1,800 डॉलरांच्या वर गेला.

सेवेत असताना एका खाणीच्या मूल्यांकनाची फाइल माझ्याकडे आली होती. तीत पाच वर्षांचा साठा, एकच भाव आणि एकच खर्च धरला होता. इतिहासाच्या विद्यार्थ्याला एकाच साक्षीदारावरचा निवाडा खटकतो, तसे मला ते खटकले.

हिशेब आपण साध्या आकड्यांत करू. साठा पाच वर्षे पुरेल, दरवर्षी सारखेच उत्पादन होईल. पहिल्या वर्षी एका एककाचा उत्खनन खर्च 80 रुपये असून तो दरवर्षी आठ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे पुढे सुमारे 86, 93, 101 आणि 109. भाव 100 राहिला तर शिल्लक 20, 14 आणि 7 रुपये. चौथ्या वर्षी तोटा सुरू होतो. शेवटची दोन वर्षे साठ्यात असली, तरी मूल्यात धरता येत नाहीत. दहा टक्के वटावाने या तीन वर्षांचे आजचे मूल्य सुमारे 34 रुपये भरते.

भाव 120 धरा. पाचही वर्षे नफ्याची ठरतात आणि मूल्य 104 होते. भाव पाचव्या हिश्श्याने वाढला, मूल्य तिप्पट झाले. भाव 85 झाला तर पहिल्या वर्षानंतरच टाळे लावावे लागते आणि हाती साडेचार रुपये उरतात. म्हणून भावांची सरासरी काढून एकदाच गणित मांडणे चूक; प्रत्येक शक्यतेत खाण कधी थांबेल हे आधी ठरवावे, मग त्या मूल्यांना संभाव्यतेचे वजन द्यावे. साठा किती वर्षांचा, याचे उत्तरच भाव देतो.

फाइलमध्ये तपासण्याची सोपी खूण आहे: खर्चाची ओळ शेवटच्या वर्षापर्यंत सपाट असेल, तर हिशेब कच्चा समजावा.

मात्र टाळे लावणे फुकट नसते, आणि माझ्या वरच्या आकड्यांत तो खर्च नाही, हेही कबूल केले पाहिजे. उपसा थांबला की बोगद्यांत पाणी भरते. भाव वाढला म्हणून दुसऱ्या दिवशी पाळणा खाली सोडता येत नाही. म्हणूनच थोडा तोटा सोसूनही खाण काही काळ चालू ठेवणे कधी कधी शहाणपणाचे असते. कोलारमध्ये उपसलेल्या दगडाच्या चुऱ्याचे डोंगर आजही उभे आहेत.