हात आत, शब्द बाहेर

जून ते मार्च असा आमच्या बालवाडीत 'ओळख पाहू'चा खोका चालला: न बघता हात घालायचा आणि आतली वस्तू ओळखायची. बालवाडी मालवणजवळच्या किनाऱ्यावर, मुलं चार ते सहा वर्षांची. वर्ष संपताना सगळं आठवून पाहिलं, तर पहिल्या दोन महिन्यांत खोक्यातून फक्त वस्तूंची नावं बाहेर पडली. 'करटी!' 'शिंपलो!' नाव सापडलं की खेळ संपला. वस्तू हाताला कशी लागली, हे कुणी सांगेना.

खेळ जुनाच आहे. मारिया माँटेसोरींनी १९०७ साली रोममध्ये बालगृह काढलं. त्यांच्या पद्धतीत मुलं डोळे बांधून वस्तू चाचपतात. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला महागड्या साधनांऐवजी परिसरातल्याच वस्तू हाताशी धरल्या. आम्हीही तेच केलं. पुठ्ठ्याचा खोका जुलैच्या दमट हवेत बसला, तेव्हा आंब्याची लाकडी पेटी घेतली, आतून कापड लावलं आणि तोंडाला जुन्या सदऱ्याची बाही शिवली. मागची बाजू मात्र मोकळी ठेवली.

ही मोकळी बाजू फार कामाची ठरली. मुलाला आतलं दिसत नाही, पण त्याचा हात काय करतो ते बाईंना दिसतं. बहुतेक मुलं वस्तू नुसती मुठीत धरतात. मुठीत आकार कळतो, पोत कळत नाही. पोतासाठी बोट घासावं लागतं, मऊ की टणक हे कळायला दाबावं लागतं, गारवा जाणवायला हात स्थिर ठेवावा लागतो. मूल अडलं की मी शब्द पुरवत नसे. 'बोट फिरव बघू' एवढंच म्हणायची.

काही मुलं हातच घालीनात. 'बाई, आत कुर्ली आसा?' समुद्राकाठच्या पोराची ही शंका अगदी रास्त. मग वस्तू आधी ताटात मांडून दाखवायच्या, हाताळू द्यायच्या आणि त्याच पेटीत टाकायच्या. आत काय आहे ते ठाऊक असलं की कोडं एवढंच उरतं, की हाताला यातलं कोणतं लागलंय. भीती गेली, मजा तशीच राहिली.

खरा फरक दिवाळीनंतर पडला, वस्तू कमी केल्यावर. पेटीत फक्त दोन करट्या. एक पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केलेली, दुसरी केसाळ, जशीच्या तशी. आता 'करटी' म्हणून सुटका नव्हती, कारण दोन्ही करट्याच. आधी मी एकेक हातात देऊन सांगायची, 'ही खरखरीत, ही गुळगुळीत.' मग म्हणायची, 'पेटीतली खरखरीत दे.' हे बिनचूक जमू लागलं की शेवटी विचारायची, 'ही कशी लागते?' या तिसऱ्या पायरीची घाई केली की मुलं अंदाजाने ठोकून देतात. ते ओळखणं सोपं असतं: बोट फिरायच्या आधीच उत्तर येतं.

पुढे काथ्याचे दोन तुकडे आले, एक कोरडा आणि एक भिजवलेला. कोरड्याला एक मुलगी म्हणाली, 'ह्यो टोचता.' मी तिला दुरुस्त केलं नाही. 'टोचता, म्हणजे खरखरीत' असं जोडून दिलं. घरचा शब्द आधी, पुस्तकातला त्याच्या शेजारी. भिजलेल्या तुकड्याला तिने आपणहून 'गार' म्हटलं, मग दाबून 'मऊ'. शब्द रुजला की नाही, याची परीक्षा मात्र त्याच वस्तूवर घेऊ नये. आवारातल्या जांभ्याच्या गडग्यावर हात फिरवून तिने 'खरखरीत' म्हटलं, तेव्हा माझी खात्री पटली.

इतर इंद्रियांचं तितकं जमलं नाही. झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यांत आमसूल, सुकट, ओवा ठेवला, तर उत्तर यायचं 'सुकटीचो वास.' त्यात मुलांचा दोष नाही. वासाला आपण मोठी माणसंही बहुधा वस्तूचंच नाव देतो. आवाजाचं सोपं गेलं, खुळखुळ आणि खणखण त्यांच्या तोंडी आधीच होतं. डोळ्यांची पाळी सगळ्यात शेवटी, वस्तू बाहेर काढल्यावर. चव पेटीपासून कायम लांब, उघड्या बशीत. पेटीतलं काहीही तोंडात जाता नये.

खेळ कुणाला करायचा असेल, तर काही गोष्टी टाळा. सालीसकट कच्ची काजू बी नको. ती फुटली तर तिचं तेल कातडी भाजतं. चीक असलेली फणसाची साल नको. शिंपल्यांच्या धारा कानशीने घासून घ्या, आणि घशात अडकतील एवढे लहान तुकडे ठेवूच नका. पावसाळ्यात काथ्याला बुरशी धरते, म्हणून भिजवलेला तुकडा त्याच दिवशी टाकून द्या. आणि एका वेळी पेटीत दोनच वस्तू ठेवा.