तपासलंच नाही, तर ‘नॉर्मल’ कसं?

ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञ पेशंटला तपासतात आणि कागदावर भराभर काहीतरी खरडतात. ऑपरेशनच्या दिवशी भूल देणारे डॉक्टर अनेकदा वेगळेच असतात. म्हणून त्या खरडीचा नीट मांडलेला सारांश करावा लागतो.

समजा, गुरुवारी दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं आहे आणि नोंद अशी आहे: ‘५८ स्त्री. शुगर, एम्पा चालू. एचबीए१सी ९.१. एमपी ३. तोंड ३ बोटं. घोरते. खालचा दात हलतो. आधीच्या ऑपरेशननंतर घसा फार दुखला. एएसए २?’

सारांशात श्वासमार्ग सगळ्यात वर येतो, कारण भूल दिल्यावर पहिली काही मिनिटं त्याचीच असतात. ‘एमपी ३’ म्हणजे मल्लमपाटी श्रेणी तीन. पेशंटला बसवून तोंड उघडून जीभ बाहेर काढायला लावली, तर पडजिभेचं फक्त मूळ दिसतं. एवढ्यावरून नळी घालणं अवघड जाईल, असं ठामपणे म्हणता येत नाही. पण घोरणं आणि पंचावन्नच्या पुढचं वय यांमुळे मास्कने श्वास देणंही जड जाऊ शकतं, म्हणून या गोष्टी एकत्र लिहायच्या. हलणारा दात कोणता तेही लिहायचं. तो निसटून श्वासनळीत जाऊ शकतो.

मानेबद्दल नोंदीत एक अक्षरही नाही. सारांश करणारा हात इथे हमखास ‘मान नॉर्मल’ असं लिहून मोकळा होतो, आणि माझ्या मते सगळ्यात घातक चूक हीच. खरा शब्द आहे ‘नोंद नाही, तपासावी’. मान मागे जात नसेल, तर स्वरयंत्र दिसायलाच अडचण येते.

घशाचंही तसंच. घसा दुखला म्हणजे बहुधा नळी घातली होती. ती पहिल्या फटक्यात गेली की नाही, हे त्यावरून कळत नाही. म्हणून पेशंटचे शब्द जसेच्या तसे ठेवायचे आणि खाली लिहायचं: जुने कागद मागवा.

जोखमीच्या रकान्यात ‘एएसए २?’ तसंच उतरवून चालत नाही. शुगर आटोक्यात असती तर दोन बरोबर होतं, ९.१ ला तीनकडे झुकतं. पण श्रेणी परस्पर बदलायची नाही. कारण लिहून मूळ डॉक्टरांना विचारायचं.

‘एम्पा’ म्हणजे एम्पाग्लिफ्लोझिन. ते ऑपरेशनच्या निदान तीन दिवस आधी थांबवतात, कारण उपाशीपोटी शुगर जवळपास ठीक दिसत असतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. सारांशात ‘औषध बंद’ एवढंच लिहिलं तर घरी कुणाला काही कळत नाही. ‘शेवटची गोळी रविवारी’ असं लिहायचं.

बुधवारी जुनी फाइल आली आणि तीत ‘नळी तिसऱ्या प्रयत्नात’ असं निघालं, तर ही ओळ सगळ्यात वर, तारखेसह जाते. मग व्हिडिओ लॅरिंगोस्कोप आणि बुजी गुरुवारी सकाळी टेबलापाशी आधीच मांडून ठेवलेले असतात.