वीज 'पडते' म्हणजे नेमके काय पडते? मेघदेवतांची शस्त्रे आणि शेतातले दगड

आमच्या मंडळाच्या बैठकीत एका तरुण सभासदाने प्रश्न टाकला. थॉरचा हातोडा सिनेमामुळे सगळ्यांना माहीत झाला, इंद्राचे वज्र तर आपल्या घरचेच. मग एकमेकांशी संबंध नसलेल्या लोकांनी वादळाच्या देवाच्या हाती मारायची, फेकायची शस्त्रेच का दिली? दोरी का नाही, जाळे का नाही?

आपली मराठीच याचे अर्धे उत्तर देते. पाऊस पडतो तशी वीजही 'पडते'. म्हणजे वरून काहीतरी वस्तू खाली येते असे आपण आजही, विजेचे खांब आणि मीटर दारात असताना, बोलतो. युरोपातल्या शेतकऱ्याला तर ती वस्तू दाखवताही येत असे. जोराच्या पावसानंतर नांगरटीत एक गुळगुळीत, त्रिकोणी, एका बाजूला धार असलेला दगड वर दिसे. लिथुआनियात त्याला 'पेर्कूनासची कुऱ्हाड' म्हणत, पेर्कूनास हा तिथला गडगडाटाचा देव. जपानीत त्याचे नाव 'राइफू', म्हणजे वीज-कुऱ्हाड. पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांत असे दगड शांगो या मेघदेवाच्या ठाण्यात ठेवतात आणि शांगोचे चिन्ह दुधारी कुऱ्हाड हेच आहे.

हे दगड म्हणजे अश्मयुगातल्या घासून धार लावलेल्या कुऱ्हाडी. पावसाने वरची माती धुतली की त्या उघड्या पडतात, एवढीच गोष्ट. आपल्याकडच्या काळ्या मातीत आणखी एक भर पडते. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि या घुसळणीत खालचे दगड हळूहळू वर येतात. (आम्ही इंजिनिअर मंडळी या मातीला पाया घालताना शिव्या देतो, ती याचसाठी.) काल कडाडले, आज दगड दिसला. शेतकऱ्याने दोन्ही जोडले यात मूर्खपणा काही नाही. लोखंड येऊन दोन हजार वर्षे झाल्यावर दगडी कुऱ्हाड कशी असते हे कोणाला आठवणार?

हा दगड मुळात माणसाने केलेला आहे, हे युरोपात सोळाव्या शतकात व्हॅटिकनच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख मिकेले मेरकाती यांनी ओळखले होते, पण त्यांचे पुस्तक छापले गेले ते थेट 1717 साली. मग 1723 मध्ये आंत्वान द ज्युसिय यांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे हे दगड आणि अमेरिकेतले मूळ रहिवासी वापरत असलेली दगडी अवजारे यांची तुलना मांडली. तिकडे आज जे हातात आहे ते आपल्या पूर्वजांच्याही हाती होते, हा त्यांचा मुद्दा.

मग उत्तर सोपे वाटते: दगड सापडले म्हणून देवाला कुऱ्हाड मिळाली. डॅनिश पुरातत्त्वज्ञ ख्रिस्तियान ब्लिंकेनबर्ग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या दगडांवर मोठे काम केले, तेव्हापासून हा विचार बराच रुजला आहे. मलाही बरीच वर्षे हेच पटत होते. अडलो ते ऑस्ट्रेलियात.

उत्तर ऑस्ट्रेलियातल्या काकाडू भागात खडकावर नामारकोन या वीज-पुरुषाचे चित्र आहे. त्याच्या कोपरांना आणि गुडघ्यांना दगडी कुऱ्हाडी बांधलेल्या आहेत, त्या आपटून तो गडगडाट करतो. आता हे चित्र मानणारे लोक दगडी कुऱ्हाड रोज वापरत होते! ती आकाशातून पडलेली गूढ वस्तू नव्हती, घरातले हत्यार होते. म्हणजे कुऱ्हाड आधी देवाकडे गेली, 'सापडलेला दगड' हा पुरावा नंतर जोडला गेला.

तर मग कुऱ्हाडच का? माझे उत्तर असे, आणि ते कोणीही मैदानात तपासून पाहावे. साडेतीनशे मीटरवर कोणी लाकूड फोडत असेल तर घाव आधी दिसतो आणि आवाज साधारण एका सेकंदाने येतो, कारण ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटरच जातो. आधी दिसणे, मग ऐकू येणे, हा अनुभव जुन्या माणसाला दोनच ठिकाणी येत होता: दूरवर घाव घालणारा माणूस आणि वीज. (चमकल्यावर तीन सेकंदांनी आवाज आला तर वीज साधारण एक किलोमीटरवर.) गारगोटीवर गारगोटी आपटली तर अंधारात उजेड चमकतो, आवाज होतो, वासही येतो. झाडावर वीज पडली की आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि खोड उभे चिरते, अगदी पाचर ठोकल्यासारखे. घावाची सगळी लक्षणे जुळली. घाव आहे तर घालणारा हवा, आणि त्याच्या हातात हत्यार हवे.

कुठले हत्यार, हे विजेच्या कुठल्या अंगाकडे लक्ष गेले त्यावर ठरलेले दिसते. आवाजाकडे गेले तर हातोडा: थॉरचा मिओल्निर, किंवा चीनच्या लेइगोंगचा हातोडा आणि छिन्नी. खाली येणाऱ्या रेषेकडे गेले तर भाला: सिरियात उगारित इथे 1932 मध्ये मिळालेल्या शिळेवर बाल देवाच्या एका हातात गदा आणि दुसऱ्यात खाली टेकवलेला भाला आहे, आणि भाल्याच्या वरच्या टोकाला पालवीसारखे काही फुटले आहे. पाऊस आणि पीक एकाच चित्रात! मात्र हा नियम सगळीकडे लागत नाही. उत्तर अमेरिकेतल्या अनेक जमातींत गडगडाट हा एका प्रचंड पक्ष्याच्या पंखांचा, तिथे हत्यारच नाही.

आपल्या वज्राकडे येऊ. ऋग्वेदात ते त्वष्ट्याने घडवलेले आहे. कुठे ते धातूचे म्हटले आहे, तर कुठे 'अश्मन्', म्हणजे दगड. दधीचींच्या हाडांची पुराणातली गोष्ट नंतरची. आणि गंमत म्हणजे जुन्या नॉर्स भाषेतला हातोड्याचा शब्द 'हमर' कड्यालाही वापरतात; तो आणि आपला 'अश्मन्' एकाच मुळाचे असावेत, असे बरेच भाषाशास्त्रज्ञ मानतात. लोखंडी हातोड्याच्या नावात दगड शिल्लक राहिला आहे.

असे दगड आपल्या बाजूलाही पूजेत आहेत. 1860 च्या सुमारास जबलपूरच्या रेल्वेमार्गावरचे मुख्य अभियंता एच. पी. ले मेस्युरिए यांना टोन्स नदीच्या खोऱ्यात दगडी कुऱ्हाडी मिळाल्या. त्यातल्या अनेक शेतात नव्हे, तर गावातल्या पिंपळाखाली, महादेवाच्या म्हणून मांडलेल्या होत्या. माणूस आमच्याच धंद्यातला, म्हणून मला त्याचे कौतुक, पण त्यात एक अडचणही आहे. लोकांनी पुजले म्हणून त्या टिकल्या, आणि पुजायला उचलून आणल्या म्हणूनच मूळ कुठल्या शेतात होत्या ते कायमचे गेले. पारावरून संग्रहालयात गेलेल्या दगडाचा तर पिंपळही सुटतो.

पारावर असा दगड दिसलाच तर ओळख अशी. नदीचा गोटा सगळीकडून सारखा गोल असतो, त्याला धार नसते. कुऱ्हाडीचा दगड बहुधा काळपट, जड आणि घट्ट असतो, तळहातावर मावेल एवढा. एक टोक रुंद आणि दोन्ही बाजूंनी घासून धारेला आणलेले. वाळू-पाणी घेऊन तासन्‌तास घासल्याशिवाय ते येत नाही. दुसरे टोक निमुळते, बऱ्याचदा खडबडीतच ठेवलेले. शेंदूर असेल तर तो खरवडू नये, धारेकडची बाजू तिरप्या उजेडात पाहिली तरी पुरते. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, आणि गावातल्या जाणत्या माणसाला विचारा की हा दगड पारावर कोणी आणि कुठून आणला. दगड तिथेच राहू द्या.