चुंबक झिजत नाही, मग ऊर्जा येते कुठून?

बारावीत शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने आपल्या शिकवणीच्या सरांना लिहिलेलं पत्र माझ्या हाती आलं. मायना वगळून मजकूर असा आहे:

‘सर, आज प्रॅक्टिकलला कॉइलमध्ये चुंबक आत-बाहेर केला आणि गॅल्व्हानोमीटरचा काटा हलला. तारेतून वीज वाहिली म्हणजे थोडी का होईना, उष्णता तयार झालीच. ती ऊर्जा आली कुठून? चुंबक कितीही वापरला तरी तेवढाच जोरदार राहतो, म्हणजे त्याच्यातलं काही खर्च झालेलं नाही. माझ्या हाताने दिली म्हणावं, तर वायर जोडलेली असताना आणि काढलेली असताना चुंबक हलवायला मला काहीच फरक जाणवला नाही. मुद्दाम दोनदा करून पाहिलं. पुस्तक म्हणतं, लेंझचा नियम ऊर्जा अक्षय्यतेतून येतो. पण ऊर्जा टिकते का, हेच मला तपासायचं असेल तर हे उत्तर म्हणजे माझाच प्रश्न मला परत दिल्यासारखं नाही का?’

या पत्रात दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन्ही रास्त आहेत. ऊर्जा कोण देतं, हा पहिला. दुसरा जास्त अवघड: ‘ऊर्जा टिकायलाच हवी’ असं आधी गृहीत न धरता हे सिद्ध करता येतं का?

पहिल्या प्रश्नासाठी कॉइल थोडी बाजूला ठेवू, कारण तिचं गणित किचकट आहे. त्याऐवजी दोन समांतर तांब्याच्या पट्ट्या घ्या, त्यांच्यात २० सेंटिमीटर अंतर ठेवा आणि त्यांच्यावर आडवी, सरकणारी एक तांब्याची दांडी ठेवा. पट्ट्यांची एका बाजूची टोकं तारेने जोडली की एक बंद चौकट तयार होते. या चौकटीतून वरून खाली ०.५ टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र जात आहे आणि सगळ्या मंडलाचा रोध ०.१ ओहम आहे, असं धरू. घर्षण नाही असं समजू.

आता दांडी सेकंदाला २ मीटर वेगाने सरकवा. क्षेत्र, लांबी आणि वेग यांचा गुणाकार केला की दांडीत निर्माण होणारा विद्युतदाब मिळतो: ०.२ व्होल्ट. रोध ०.१ ओहम, म्हणून प्रवाह २ ॲम्पिअर. या प्रवाहामुळे दर सेकंदाला ०.४ ज्यूल उष्णता तयार होते, म्हणजे ०.४ वॉट.

विद्यार्थिनीचा हिशेब इथेच थांबला होता. पण प्रवाह वाहू लागला की तीच दांडी ‘चुंबकीय क्षेत्रातली वीजवाहक तार’ होते आणि अशा तारेवर बल येतं. क्षेत्र, प्रवाह आणि लांबी यांचा गुणाकार ०.२ न्यूटन होतो आणि त्याची दिशा गतीच्या विरुद्ध असते. वेग टिकवायचा तर हाताला तेवढाच जोर पुढे लावावा लागतो. ०.२ न्यूटन म्हणजे साधारण २० ग्रॅमचं वजन उचलायला लागणारा जोर. बल गुणिले वेग, ०.२ गुणिले २, म्हणजे ०.४ वॉट. हाताने दिलेली ऊर्जा आणि तारेत तापलेली ऊर्जा यांचा पै न पैचा हिशेब जुळला.

हा योगायोग नव्हे. रोध निम्मा करा: प्रवाह ४ ॲम्पिअर होतो, उष्णता दुप्पट होते आणि हाताला लागणारा जोरही दुप्पट होतो. चौकट तोडा: प्रवाह शून्य, विरोधी बलही शून्य. दाब मात्र तसाच राहतो, कारण नुसत्या दाबाला ऊर्जा खर्चावी लागत नाही. आणि हात काढून घेतला तर? दांडीचं वस्तुमान ५० ग्रॅम असेल, तर तिच्यात ०.१ ज्यूल गतिज ऊर्जा आहे. ती हळूहळू मंदावत एक मीटरभर जाऊन थांबते आणि तेवढ्यात तारेत ०.१ ज्यूलच उष्णता तयार झालेली असते.

चुंबक झिजत का नाही, हेही यातच दिसतं. दांडी पुढे जाते तेव्हा तिच्यातले इलेक्ट्रॉनही तिच्याबरोबर पुढे जातात, म्हणून क्षेत्र त्यांना दांडीच्या लांबीच्या दिशेने ढकलतं. हाच आपला प्रवाह. पण लांबीच्या दिशेने सरकू लागलेल्या त्याच इलेक्ट्रॉनांवर क्षेत्राचा दुसरा ढकला येतो आणि तो दांडीला मागे रेटतो. क्षेत्राचं एकूण बल इलेक्ट्रॉनच्या गतीला नेहमी काटकोनात असल्यामुळे ते एकूण काहीच कार्य करत नाही. जेवढं ते प्रवाहाला देतं, तेवढंच दांडीकडून काढून घेतं. चुंबक इथे फक्त मध्यस्थ आहे. खिशातून पैसे जातात ते हाताच्या.

मग हाताला फरक का जाणवला नाही? विद्यार्थिनीचं निरीक्षण चुकीचं नव्हतं. तिच्या प्रयोगातले आकडे पाहू. शाळा-कॉलेजातल्या गॅल्व्हानोमीटरचा काटा ठळकपणे हलवायला २०० मायक्रोॲम्पिअरसारखा क्षीण प्रवाह पुरतो. मंडलाचा रोध १०० ओहम धरला तर खर्च होणारी शक्ती एका वॉटचा चार दशलक्षांश भाग भरते, ही दहा लाखांच्या हिशेबात चारच. चुंबक सेकंदाला अर्धा मीटर वेगाने सरकत असेल, तर त्याला होणारा विरोध ०.००० ००८ न्यूटन येतो. हे साखरेच्या एखाद्या दाण्याच्या वजनाच्या आसपास झालं. चुंबकाचं स्वतःचं वजन आणि हाताची थरथर यांच्यापुढे हा विरोध कुठल्याच बोटाला कळणार नाही. काटा इतका संवेदनशील असतो की तो नगण्य ऊर्जेवर हलतो, आणि नेमकं त्यामुळेच ती ऊर्जा फुकट आल्यासारखी वाटते.

फरक जाणवायचा असेल तर प्रवाह मोठा हवा, म्हणजे रोध कमी हवा. सायकलचा जुना डायनॅमो पटकन आठवतो, पण तो या कामाला फसवा आहे. टायरवर घासणाऱ्या त्याच्या चाकाचं घर्षणच इतकं असतं की दिवा काढून टाकला तरी पेडल जडच लागतं. त्यापेक्षा खेळण्यातल्या गाडीची छोटी डीसी मोटर घ्या. तिच्या आसावर जरा जड चकती बसवा, दोन्ही टोकं मोकळी ठेवून चकतीला गिरकी द्या आणि ती किती वेळ फिरते ते पाहा. मग दोन्ही टोकं वायरने एकमेकांना जोडून तशीच गिरकी द्या. चकती लवकर थांबते. घर्षण दोन्ही वेळा तेच, बदललं ते फक्त मंडल. त्यामुळे हा फरक प्रवाहामुळेच पडला, हे खात्रीने म्हणता येतं.

आता दुसरा प्रश्न: लेंझचा नियम ऊर्जा अक्षय्यतेतून येतो, हे उत्तर गोल गोल फिरवणारं आहे का? पुस्तकात ज्या क्रमाने मांडलेलं असतं त्या क्रमाने वाचलं, तर तसं वाटतं खरं. पण इतिहासाचा क्रम उलटा आहे. मायकेल फॅरेडे यांनी कॉइलमध्ये चुंबक खुपसून प्रवाह मिळवला तो लंडनला, १७ ऑक्टोबर १८३१ रोजी. रशियात सेंट पीटर्सबर्गला काम करणाऱ्या हाइनरिख लेंझ यांनी दिशेचा नियम १८३४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी तो प्रयोगांतल्या दिशा पाहून, प्रवाहवाहक तारेवरच्या बलाशी त्यांची सांगड घालून मांडला. हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांचा ऊर्जा अक्षय्यतेवरचा प्रसिद्ध प्रबंध आला १८४७ मध्ये, म्हणजे तेरा वर्षांनी. ऊर्जेचा नियम वाचवण्यासाठी लेंझ यांनी काही रचलेलं नव्हतं.

दिशा उलटी असती तर काय झालं असतं, हे आपल्या दांडीवरच पाहता येतं. तिला नुसता धक्का देऊन सोडलं असतं तर प्रवाहाने तिला पुढेच ढकललं असतं, वेग वाढला म्हणून प्रवाह वाढला असता, प्रवाह वाढला म्हणून वेग. वरच्याच आकड्यांनी एका सेकंदात तिचा वेग सातपटीहून जास्त झाला असता, तारही तापत राहिली असती आणि कोणीच काही खर्च केलं नसतं. असं कुठल्याही प्रयोगशाळेत घडलेलं नाही.

पण दिशा बरोबर असणं वेगळं आणि आकडा बरोबर जुळणं वेगळं. तो आकडा जेम्स ज्यूल यांनी मोजला. सॅलफर्डच्या एका बिअर बनवणाऱ्या कुटुंबातला हा चोवीस वर्षांचा तरुण १८४३ मध्ये नेमका आपल्या विद्यार्थिनीच्याच प्रश्नाने पछाडला होता: प्रवर्तित प्रवाहाची उष्णता नव्याने तयार होते, की मंडलाच्या दुसऱ्या कुठल्या भागातून इकडे सरकते? त्यांनी तार गुंडाळलेला लोखंडाचा गाभा पाण्याने भरलेल्या काचेच्या नळीत ठेवला आणि ती नळी एका मोठ्या विद्युतचुंबकाच्या ध्रुवांमध्ये गरागरा फिरवली. पाण्याचं तापमान वाढलं. मग मोठ्या चुंबकाची बॅटरी तोडून नळी तशीच फिरवली आणि हवेमुळे होणारा बदल वजा केला. शेवटी हाताऐवजी खाली उतरणाऱ्या वजनांनी यंत्र चालवलं, म्हणजे दिलेली ऊर्जाही मोजता आली. त्यांचा निष्कर्ष असा: एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला ८३८ फूट-पौंड कार्य लागतं. आजचा आकडा सुमारे ७७८ आहे. पाण्याचं तापमान अंशाच्या अपूर्णांकाने बदलत असताना, त्या काळच्या थर्मामीटरवर मिळालेला आठ टक्क्यांच्या आतला हा फरक आहे. त्यांनी हे त्याच वर्षी आयर्लंडमधल्या कॉर्क इथल्या सभेत वाचलं, पण श्रोत्यांनी त्याची फारशी दखल घेतली नाही.

तेव्हा पत्राचं उत्तर असं की प्रवर्तनाने ऊर्जेचा नियम मोडत तर नाहीच, उलट तो नियम ज्या प्रयोगांवर उभा राहिला त्यांतला एक याच प्रवर्तनाचा आहे. आज कोयनेच्या जनित्रांतही हेच चालतं. संध्याकाळी घराघरांत दिवे लागले की जनित्रांतला प्रवाह वाढतो, फिरणाऱ्या आसावरचा विरोध वाढतो, आस किंचित मंदावतो आणि वेग राखण्यासाठी टर्बाइनवर जास्त पाणी सोडावं लागतं.

परीक्षेला बसणाऱ्यांसाठी एक सूचना. प्रवर्तनाचं कुठलंही गणित सोडवून झालं की तारेतली उष्णता आणि बाहेरून दिलेलं कार्य, दोन्ही स्वतंत्रपणे काढून पाहा. दोन आकडे जुळले नाहीत, तर प्रवाहामुळे येणारं विरोधी बल आकृतीत दाखवायचं राहून गेलं आहे का, ते आधी तपासा. बहुतेक वेळा तेच राहिलेलं असतं.