गुरुवारची 95 मिनिटं

"बाई, रोज एवढा गृहपाठ का दिला जातो? मुलांना खेळायलाच वेळ मिळत नाही."

चौथीच्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायला म्हणून मी हे लिहिलं होतं. गुरुवार होता, रात्रीचे सव्वानऊ वाजले होते आणि लेकीचा परिसर अभ्यासाचा नकाशा अजून रंगवायचा राहिला होता. पाठवण्याआधी नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "हे तू बाईंना विचारलंयस की झापलंयस?"

मला खरंच वाटत होतं की मी विचारलंय. शेवटी प्रश्नचिन्ह होतं, सुरुवातीला "बाई" होतं, एकही वावगा शब्द नव्हता. मग ते पुन्हा वाचलं, जणू मलाच कुणीतरी पाठवलंय असं समजून. तेव्हा दिसलं की "रोज" खोटं होतं, कारण रोज इतका वेळ लागत नव्हता. "एवढा" म्हणजे किती, ते कुठेच नव्हतं. "का दिला जातो" मध्ये देणाऱ्याचं नाव घेतलेलं नाही, पण ग्रुपवर गृहपाठ टाकणाऱ्या एकट्या बाईच असल्यावर बोट कुणाकडे जातं हे सगळ्यांना कळतं. आणि "खेळायलाच वेळ मिळत नाही" मधला तो "च"! मराठीत भांडणाची अर्धी धार या एका अक्षरात असते.

दुसऱ्या टोकाला जाऊनही बरं होत नाही. "आदरणीय बाई, एक नम्र विनंती" असं सुरू केलं की चाळीस पालक कान टवकारतात, आता काहीतरी येणार म्हणून. "फक्त विचारतेय हं" यातलं "फक्त" तर उघड टोमणाच वाटतो. "कृपया नोंद घ्यावी" हे सोसायटीच्या पाण्याच्या नोटिशीला शोभतं. मी तो मजकूर पुसला आणि आधी आठवडाभर वेळ मोजायचं ठरवलं.

मोजणं सोपं होतं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दूधवाल्याचा हिशेब लिहितो तिथेच, लेक वही उघडून बसली की वेळ लिहायची आणि मिटली की लिहायची. पाणी प्यायला उठली, मांजर बघायला गॅलरीत गेली, तो वेळ वजा. सोमवारी 35 मिनिटं, मंगळवारी 50, बुधवारी 40, गुरुवारी 95, शुक्रवारी 60. एकूण 280 मिनिटं, म्हणजे पाच तासांना 20 मिनिटं कमी.

या आकड्याशेजारी ठेवायला एक सरकारी आकडा आहे. 2020 मध्ये केंद्राच्या शिक्षण खात्याने शालेय दप्तराबद्दलचं धोरण जाहीर केलं. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नको, एवढं त्यातलं बहुतेकांना ठाऊक असतं. त्याच धोरणात गृहपाठाचीही मर्यादा आहे: दुसरीपर्यंत गृहपाठच नको, तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, सहावी ते आठवीला दिवसाला जास्तीत जास्त एक तास आणि त्यापुढे दिवसाला दोन. चौथीचा हिशेब दिवसाचा नाही, आठवड्याचा आहे, हे नीट वाचायला हवं. दोन तास म्हणजे 120 मिनिटं. आमची 280.

हे जुळवून पाहिल्यावर माझा पहिला विचार काय होता ते सांगते. त्या धोरणाचा पीडीएफ ग्रुपवर टाकायचा आणि खाली एवढंच लिहायचं, "माहितीसाठी." बरं झालं, टाकला नाही. पहिल्याच बोलण्यात कायद्याचा कागद काढणं म्हणजे शेजाऱ्याकडे साखर मागायला वकील घेऊन जाणं. शिवाय हे धोरण मार्गदर्शक आहे. शाळेने ते पाळावं अशी अपेक्षा आहे, पण बाईंना त्यावरून जाब विचारायला आपण काही शिक्षणाधिकारी नाही. आपलं 280 मिनिटांचं गणित कुठे बसतं हे स्वतःला कळायला तो आकडा पुरेसा आहे. तो खिशात ठेवावा.

मग कॅलेंडरकडे पुन्हा पाहिलं, आणि इथे माझं मत बदललं. सोमवार आणि बुधवारची मिळून 75 मिनिटं गृहपाठाची नव्हतीच. फळ्यावरचं वर्गात उतरवून झालं नव्हतं, ते मैत्रिणीच्या वहीचा फोटो मागवून घरी उतरवलं होतं. वर्गात ते का राहतं, हा प्रश्न ग्रुपचा नाही, आमच्या लेकीचा आहे. ती बाकावर गप्पा मारते की तिला फळा नीट दिसत नाही, हे बाईंना वेगळं, एकटीने विचारायचं. हाच फरक ग्रुपवर लिहिण्याआधी करायला हवा आणि बहुतेक वेळा तोच राहून जातो. मी वर्गातल्या तीन आयांना फोन करून गुरुवारचा वेळ विचारला. "जास्त वाटतो का गं?" असं नाही विचारलं, त्याला सगळ्याच "हो ना" म्हणतात. किती वाजता बसला आणि किती वाजता उठला, एवढंच विचारलं. एकीकडे सव्वा तास, एकीकडे दीड तासाच्या वर, तिसरीच्या मुलाचे 70 मिनिटांत झाले होते. या तिघांचं वीस मिनिटांत झालं असतं, तर मी ग्रुपवर लिहिलंच नसतं, लेकीला घेऊन बाईंना भेटायला गेले असते. पण गुरुवार सगळ्यांनाच जड होता.

गुरुवारच्या 95 मिनिटांत काय काय होतं? गणिताची दहा उदाहरणं, 25 मिनिटं. मराठीच्या धड्याखालचे प्रश्न, 30 मिनिटं. इंग्रजीचे वीस शब्द प्रत्येकी पाच वेळा, 20 मिनिटं. नकाशा रंगवणं, आणखी 20. यातलं एकही काम अवाजवी नाही. मी शिक्षिका असते तर मीही दहा उदाहरणं दिली असती.

शनिवारी सकाळी मी हे पाठवलं:

"नमस्कार बाई. गेल्या आठवड्यात गृहपाठाला किती वेळ लागतो ते आम्ही लिहून ठेवलं. इतर दिवशी सगळं मिळून पाऊण तासाच्या आसपास आटपतं. गुरुवारी गणित, मराठी, इंग्रजी आणि परिसर अभ्यास एकत्र आले, तेव्हा दीड तासाच्या वर गेलं. चौथीच्या मुलांना रोज साधारण किती वेळ लागावा अशी तुमची अपेक्षा असते? आमची हळू लिहीत असेल तर तसंही सांगा, घरी लक्ष देऊ. उत्तराची घाई नाही, सवडीने सांगितलंत तरी चालेल."

यातलं मुद्दाम केलेलं एकच आहे, ते म्हणजे "का" काढून "किती" घातलं. "का" विचारलं की समोरच्याला स्वतःची बाजू मांडावी लागते. "किती वेळ लागावा" याला उत्तर म्हणून एक आकडा देता येतो, आणि तो आकडा बाईंकडेच असतो, आपल्याकडे नसतो. गृहपाठ देणारा माणूस उदाहरणं मोजून देतो आणि घरी बसवणारा माणूस मिनिटं मोजतो. दहा उदाहरणांना किती मिनिटं लागली, हे शाळेला कळायचा एरवी काही रस्ताच नसतो, कारण वही तपासताना उत्तर दिसतं, घड्याळ दिसत नाही. आणि "आमची हळू लिहीत असेल तर" हे नम्रतेसाठी घातलेलं वाक्य नव्हतं. खरंच तसं असण्याची शक्यता होती.

रात्री न पाठवण्याचंही कारण होतं. सव्वानऊला टाकलेल्या निरोपाखाली साडेनऊपर्यंत दहा पालकांचे "आमच्याकडेही", "अगदी बरोबर" आणि अंगठे जमतात. मग एकाचा विचारलेला प्रश्न सगळ्यांची तक्रार होऊन बसतो आणि बाई सकाळी उठून एकदम मोर्चाच बघतात. यावेळीही एक आई आलीच, "आमच्याकडे तर रोजच असतं." मी खाली लिहिलं, "तुम्हीही एक आठवडा वेळ लिहून बघाल का? मग बाईंना नेमकं सांगता येईल." एका वडिलांनी लिहिलं, "उलट अभ्यास कमी आहे, वाढवा." हेही होतं. गृहपाठ कमी दिला की शाळेला फोन करणारे पालकही याच ग्रुपवर असतात, आणि बाईंना दोघांच्याही मुलांना एकाच वर्गात शिकवायचं असतं. त्यांच्याशी मी वाद घातला नाही.

बाईंचं उत्तर सोमवारी दुपारी आलं. मराठी आणि परिसर अभ्यास त्या स्वतः शिकवतात, गणिताला सर आहेत, इंग्रजीला दुसऱ्या बाई. प्रत्येक जण वीस-पंचवीस मिनिटांचंच काम देतो. सरांनी गुरुवारी काय दिलं हे त्यांना माहीत नव्हतं, आणि त्यांनी स्वतः दोन विषयांचं दिलंय हे सरांना. "रोजचं सगळं मिळून अर्धा तास, फार तर पाऊण तास व्हावा," असं त्यांनी लिहिलं होतं. म्हणजे चारही कामं आपापल्या जागी रास्त होती आणि बेरीज कुणीच केलेली नव्हती. ती फक्त आमच्या जेवणाच्या टेबलावर होत होती.

मी गुरुवारी रात्रीचा तो पहिला मजकूर पाठवला असता, तर बाईंना स्वतःच्या दोन विषयांचं समर्थन करावं लागलं असतं आणि सर नि इंग्रजीच्या बाई या गोष्टीत आल्याच नसत्या. कदाचित मराठीचे प्रश्न दोनने कमी झाले असते. गुरुवार तसाच राहिला असता.

शाळेने केलेला उपाय साधा होता. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकोन आखला. ज्याने गृहपाठ दिला त्याने तो तिथे लिहायचा आणि शाळा सुटेपर्यंत पुसायचा नाही. तिसरा तास घेणाऱ्याला पहिल्या दोघांनी काय दिलंय ते दिसतं, आणि चौकोन भरलेला असला की तो आपलं काम उद्यावर ढकलतो. मुलंही सुटताना तोच चौकोन वहीत उतरवतात, त्यामुळे संध्याकाळी ग्रुपवर "आज काय आहे हो?" हे विचारणं कमी झालं.

सगळं सुटलं असं नाही. पाऊण तासाने रोज बसायचं म्हटलं तरी आठवड्याचे दोन तास ओलांडतातच, आणि हे मी अजून कुणाला बोललेले नाही. पालकसभा पुढच्या महिन्यात आहे, तिथे धोरणाचा कागद घेऊन जाईन. तिथे तो चालतो, कारण समोर मुख्याध्यापक असतात आणि शाळेने काय ठरवावं हाच तिथला विषय असतो. लेकीच्या अपुऱ्या वह्यांबद्दल बाईंना वेगळी भेटले. फळा तिला दिसतो. ती गप्पा मारते.

पुढच्या गुरुवारी 50 मिनिटं लागली. इंग्रजीचे शब्द अजून पाचपाच वेळाच आहेत.